वाहकाची नोकरी: शिवीगाळ, डबल ड्युटी आणि डेपोतला त्रास

"माझ्या धाकट्या भावाची वाहक म्हणून निवड झाली आहे. प्रवासी शिव्या देतात, ड्युटीचा नेम नसतो, डेपोतले साहेब छळतात असं ऐकतो. खरंच असं असतं का? त्याने काय काळजी घ्यावी?"

सतरा वर्षं सरकारी बसवर वाहक होतो. डेपोचं नाव घेत नाही. ऐकलंत ते खरं आहे, आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात.

मुक्कामी गाडी घ्या. दुपारी दोनला निघून रात्री साडेनऊला गावात पोचायचं, हिशेब जुळवायचा, डबा खाऊन गाडीतच सीटवर अंग टाकायचं. पहाटे साडेपाचला परतीची फेरी. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ मध्ये दोन दिवसांच्या ड्युट्यांमध्ये सलग ९ तास विश्रांती सांगितली होती. इथे हिशेबाचा वेळ धरूनही जेमतेम ८ तास भरतात. अकराला कॅश भरायला उभं राहिलं की नियंत्रक म्हणणार, "पुढचा वाहक आला नाही, एवढी फेरी मारून या." नाही म्हटलं, तर पुढच्या आठवड्याची रजा अडते.

अशाच एका जादा फेरीत एकाने २५ रुपयांच्या तिकिटाला ५००ची नोट दिली. सुट्टे नव्हते म्हणून ४७५ रुपये तिकिटामागे लिहून दिले. त्याचा थांबा आला तरी सुट्टे जमले नव्हते. त्याने आईवरून शिव्या दिल्या, कॉलर धरली, पिशवीचा बंद तुटला आणि नाणी सीटखाली घरंगळली. चालकाने गाडी थेट पोलीस चौकीला लावली. तेवढ्यात डेपोतून फोन: "गाडी अडकवू नका, पुढची फेरी रद्द होईल. मिटवून घ्या." मी मिटवलं. कमी पडलेले ३४० रुपये खिशातून भरले. दोन दिवसांनी त्याच प्रवाशाची माझ्याविरुद्ध तक्रार आली आणि आरोपपत्र माझ्या हातात पडलं. माझ्या बाजूने कागदाचा एक चिटोराही नव्हता. तो राग अजून गेलेला नाही.

भावाला सांगा, असं झालं तर त्याच दिवशी लेखी तक्रार दे, लागलं असेल तर दवाखान्याचा कागद घे, दोन प्रवाशांची नावं आणि फोन लिहून ठेव. राज्य परिवहन महामंडळाचा कर्मचारी १९५०च्या कायद्याप्रमाणे लोकसेवक असतो. त्याला ड्युटीवर मारहाण करणं आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली अजामीनपात्र गुन्हा आहे. खासगी बसवाल्याला हे कलम मिळत नाही.

जादा फेरीला तोंडी हो म्हणू नये. "साहेब, वेबिलवर लिहून सही करा" एवढंच शांतपणे म्हणावं. बऱ्याचदा सही करायची म्हटल्यावर दुसरा वाहक सापडतो. आणि नाहीच सापडला, तर घरच्या वहीत तारीख, गाडी नंबर, हजर झाल्याची आणि सुटल्याची वेळ रोज लिहावी. माझ्या आरोपपत्राच्या चौकशीत शेवटी उपयोगी पडली ती तीच वही: त्या दिवशी मी आदल्या दुपारपासून ड्युटीवर होतो, हे तिच्यातून दिसलं.