रेकॉर्डिंगआधी स्क्रिप्ट मोठ्याने वाचून नेमकं काय तपासायचं?

प्रश्न: मी नागपूरच्या मारबतीवर, म्हणजे मारबत आणि बडगे या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर ऑडिओ एपिसोड करतोय. मनात वाचलं तर स्क्रिप्ट मस्त वाटते, माइकसमोर मात्र दम लागतो आणि जीभ अडखळते. आधीच कसं पकडायचं?

मी पण नागपूरचाच, अशाच स्क्रिप्ट लिहितो आणि वाचतो. पहिलं म्हणजे पुटपुटू नका, रेकॉर्डिंगला जसे बसणार तसेच बसून त्याच आवाजात, त्याच स्पीडने वाचा, आणि कूलर बंद करून, नाहीतर त्याच्या घरघरीवर ओरडून वाचाल आणि दम कुठे संपतो ते कळणारच नाही. हातात पेन्सिल ठेवा. अडखळलं तिथे टिंब, श्वास घ्यावा लागला तिथे उभी रेघ, पण थांबून दुरुस्त करत बसू नका, शेवटपर्यंत जा. मग परत वाचा. त्याच जागी दुसऱ्यांदा टिंब आलं तर चूक जिभेची नाही, वाक्याची आहे.

आता तुमच्याच विषयातलं वाक्य घ्या: "तान्ह्या पोळ्याला जुन्या नागपुरातून निघणाऱ्या, इडापिडा घेऊन जाणाऱ्या, बडग्यांसोबत चालणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतींच्या मिरवणुकीला तोबा गर्दी होते." कागदावर ठीक दिसते, पण तीन वेळा "णाऱ्या", मग काळ्या-पिवळ्या, आणि क्रियापद एकदम शेवटी, त्यामुळे मध्ये श्वास घेतला की वाक्य तुटल्यासारखं वाटते आणि नाही घेतला तर "तोबा गर्दी" पर्यंत आवाजच उरत नाही. माझी उभी रेघ "चालणाऱ्या" नंतर पडली, म्हणजे नेमकी मारबत यायच्या आधी! मग असं केलं: "तान्ह्या पोळ्याला जुन्या नागपुरात मारबती निघतात. एक काळी, एक पिवळी. सोबत बडगे. आणि बघायला तोबा गर्दी." क्रियापद लवकर आलं की ऐकणाराही लटकत नाही.

यमकाचं दुखणं मराठीत जास्त, कारण क्रियापदं शेवटी येतात. "मिरवणूक निघाली, गर्दी जमली, घोषणा झाली, वाहतूक थांबली" हे डोळ्यांना कळत नाही, कानाला बालगीत वाटते. सगळे "ली" बदलायची गरज नाही: "मिरवणूक निघाली की गर्दी जमते, घोषणा सुरू होतात आणि वाहतूक ठप्प." मात्र "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ही लोकांची हाळी आहे, तिचा ठेका जसाच्या तसा ठेवा बाप्पा.

आकडे अक्षरांत लिहा, १९५९ दिसलं की "एकोणीसशे एकोणसाठ" म्हणताना भले भले एकोणसत्तरवर जातात.

एक अडचण राहतेच, आपलं वाक्य आपल्याला पाठ असते. म्हणून शेवटी घरातल्या कोणाला तरी आधी न दाखवता वाचायला द्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. ते जिथे मागे जाऊन परत वाचतात, किंवा लिहिलेला शब्द सोडून आपसूक दुसराच बोलतात, तिथे वाद न घालता त्यांचा शब्द घ्या.