सवलतीतल्या बाँडचा पहिला हिशोब

भाऊ, एक्सेल नंतर उघडा. बाँड मुदतीपर्यंत ठेवला तर वर्षाला किती टक्के परतावा पडतो, हा हिशोब सोलापुरी चादरीच्या बिलामागेही मावतो.

समजा १००० रुपये दर्शनी किमतीचा बाँड ९२० ला मिळाला. कूपन, म्हणजे वर्षाचं व्याज, ८ टक्के, मुदत ५ वर्षं. कूपन दर्शनी किमतीवर, म्हणजे वर्षाला ८० रुपये. मुदतीअखेर ९२० चे १००० मिळतात, ते जादा ८० पाच वर्षांत वाटा, वर्षाला १६. झाले ९६.

इथेच मी पहिल्यांदा चुकलो होतो: भागायचं ९२० ने नाही, तर ९२० आणि १००० च्या सरासरीने, ९६० ने. उत्तर १० टक्के. नेमका दर साधारण १०.१ येतो.

नुसतं ८० भागिले ९२० केलंत तर ८.७ दिसतं, त्यात शेवटचा फायदा धरलेलाच नसतो. आणि बाँड मधेच विकलात तर हे १० टक्के विसरा.