कॉपीवरच्या सर्वेक्षणातले प्रश्न कसे सुधारू?

प्रश्न: टी.वाय.च्या प्रोजेक्टसाठी २०० विद्यार्थ्यांना कॉपीबद्दल विचारायचंय. मॅडमनी दोन प्रश्नांवर काट मारली: "कॉपी करणं चुकीचं आहे असं तुम्हाला वाटत नाही का?" आणि "तुम्ही नियमित लेक्चरला बसता व नोट्स काढता का?" यात काय चुकलं?

उत्तर: पहिल्या प्रश्नात "वाटत नाही का" म्हणताच उत्तर तुम्हीच दिलंत. "नाही, मला चुकीचं वाटत नाही" असं लिहायला धिटाई लागते. शिवाय मत विचारून वागणं कळत नाही. कॉपी करणारेही ती चूकच म्हणतील.

दुसऱ्यात दोन प्रश्न एकत्र बांधलेत. लेक्चरला बसणारा पण वहीच न उघडणारा मुलगा काय लिहिणार? आणि "नियमित" म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यापेक्षा "गेल्या आठवड्यात किती लेक्चरना बसलात?" हा एक आणि "त्यांपैकी किती लेक्चरच्या नोट्स काढल्यात?" हा दुसरा, असे वेगळे विचारा.

खरी अडचण कॉपीची आहे, कारण तिथे लोक स्वतःला बरं दाखवतात. फॉर्ममध्ये ईमेल आणि रोल नंबर तर नकोच. पण वर्ग, विषय आणि गाव एकत्र विचारलं तरी माणूस ओळखता येतो. प्रश्न असा ठेवा: "गेल्या सेमिस्टरच्या परीक्षेत तुम्ही चिठ्ठीतून, मोबाईलवरून किंवा शेजाऱ्याचं बघून एक तरी उत्तर लिहिलंत का?" (प्रकार तीन असले तरी प्रश्न एकच आहे, कारण कोणताही केला असेल तरी उत्तर "हो".)

तरीही खोटं बोलतील असं वाटत असेल तर नाणं वापरा. मूळ कल्पना स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली. नाण्याची ही सोपी पद्धत नंतरची. प्रत्येकाने कुणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे मिटून "हो" लिहायचं, काटा पडला तर खरं उत्तर. एखाद्याचं "हो" नाण्यामुळे की कॉपीमुळे, हे तुम्हालाही कळत नाही, म्हणून तो निर्धास्त लिहितो.

आता हिशोब. २०० पैकी १३० "हो" आले असं धरा. सुमारे १०० नाण्याचे, उरले ३०. हे ३० काटा पडलेल्या १०० जणांतले, म्हणजे कॉपी करणारे अंदाजे ३० टक्के.

या निनावीपणाची किंमत अचूकतेत मोजावी लागते: २०० जणांतही हा अंदाज दोन्हीकडे १३ टक्क्यांपर्यंत हलू शकतो, ४० जणांत तर ३०पर्यंत. एकाच वर्गापुरतं सर्वेक्षण असेल तर नाण्याच्या वाटेला जाऊ नका, साधी बंद पेटी ठेवा. आणि एकूण "हो" निम्म्याहून बरेच कमी आले, तर छापा पडूनही काहींनी "नाही" लिहिलंय असं समजा. नियम नीट समजला नाही किंवा विश्वास बसला नाही. म्हणून आधी दहाएक जणांना नियम वाचायला देऊन, छापा पडल्यावर काय लिहायचं ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा.