सर्पदंशाचं एक पान करताना

सर्पदंशाच्या उपचार-मार्गदर्शिकेवरून तू करत असलेला एकपानी कच्चा तक्ता पाहिला. पहिल्याच चौकटीत तू ‘साप कोणता?’ लिहिलंस, ते आधी काढ. मार्गदर्शिकेत सापांचं प्रकरण सुरुवातीला असतं, पण मराठवाड्यात रात्री दोनला आलेल्या नातेवाइकांना साप दिसलेलाच नसतो. शिवाय आपली प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे.

पहिला प्रश्न पापण्या आणि श्वासाचा ठेव. गोठण चाचणी त्यानंतर. मी स्वतः उलटं केलं होतं. जमिनीवर झोपलेली बाई पोटदुखीने आली, सूज नाही, वीस मिनिटांत रक्त छान गोठलं. माझ्या तक्त्याचा बाण ‘निरीक्षण’कडे गेला. तासाभरात तिच्या पापण्या जड झाल्या. मण्यारचं विष स्नायू लुळे पाडतं, त्याने रक्त गोठायचं थांबत नाही. नशिबाने ॲम्बू बॅग हाताशी होती, म्हणून बाई वाचली.

चाचणीची कृती चौकटीतच लिही: कोरडी, स्वच्छ, काचेची नळी, 2 मिली ताजं रक्त, 20 मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरकी. ‘काचेची’ हा शब्द ठळक कर. प्लास्टिकच्या नळीत चांगलं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही आणि लस विनाकारण जाते.

एकदा गोठलं म्हणून बाण घरी नेऊ नकोस, पुन्हा चाचणीकडेच वळव. लस दिल्यावर पुढची चाचणी सहा तासांनी. लसीच्या चौकटीला चिकटूनच ॲड्रेनलिनचा डोस हवा, पानामागे नको.

छापण्याआधी मार्गदर्शिका न वाचलेल्या इंटर्नला हे पान दे आणि त्याचं बोट कुठे अडतं ते बघ.