बाबांना खोकल्याने झोप नाही, झोपेची अर्धी गोळी देऊ का?

"ताई, बाबा ७० वर्षांचे आहेत, छातीत इन्फेक्शन झालंय, औषधं चालू आहेत. दिवसा बरे असतात पण रात्री आडवं झालं की खोकला, आणि खोकून खोकून बरगड्या इतक्या दुखतात की झोपच नाही. शेजारच्या काकूंकडे झोपेची गोळी आहे, अर्धी दिली तर चालेल का? निदान एक रात्र तरी झोपतील."

नका देऊ. आणि का नको ते सांगायला सिंहगड रोडवरच्या एका घराची केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. माझ्याकडे खरं तर सूनबाई आल्या होत्या स्वतःसाठी, चिडचिड होते, ऑफिसात डोळे मिटतात म्हणून, बोलता बोलता कळलं की घरात कोणीच झोपत नाहीये कारण सासरे, रिटायर्ड बस कंडक्टर, वय बहात्तर, जुना दम्यासारखा त्रास, रात्रभर खोकतात. आणि सूनबाईंनी एका रात्री सासऱ्यांना झोपेची अर्धी गोळी दिलीही होती.

त्या रात्री काय झालं तर काका शांत झोपले, सगळ्यांना हायसं वाटलं. पण पहाटे बाथरूमला उठले तेव्हा पाय लटपटत होते, दाराला धरलं म्हणून पडले नाहीत, आपण कुठे आहोत हे त्यांना पटकन कळेना, आणि दुपारपर्यंत गुंगी. मी म्हटलं सगळी औषधं पिशवीसकट घेऊन या. तर खोकल्याच्या सिरपवर बारीक अक्षरात कोडीन लिहिलेलं होतं. कोडीन हे अफूच्या घराण्यातलं, ते स्वतःच गुंगी आणतं आणि श्वास मंदावतं, त्यावर झोपेची गोळी म्हणजे अल्प्राझोलामसारखं काही दिलं की दोन्हींचा परिणाम एकमेकांवर चढतो. ट्रामाडोल नावाची दुखण्याची गोळी असेल तरी तेच, दारू असेल तरी तेच. छाती आधीच कमजोर असलेल्या माणसाचा श्वास उथळ झाला की कार्बन डायऑक्साइड आत साठतो, त्याने गुंगी अजून वाढते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय छान झोप लागलीय! शिवाय खोकला त्रास देतो पण कफ बाहेर काढायचं कामही तोच करतो, माणूस गुंगीत असला की कफ आतच राहतो.

ओळखायचं कसं? नुसत्या झोपेतल्या माणसाला हाक मारली, हलवलं की तो जागा होतो, निदान कुरकुरतो तरी. गुंगीतला माणूस उठवूनही नीट उठत नाही, श्वास फार सावकाश किंवा घरघरत येतो, ओठ निळसर दिसतात. असं दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा आणि कोणती औषधं कधी दिली ते सांगायचं, ओरडतील म्हणून लपवायचं नाही.

आता मूळ मुद्दा, काका झोपत का नव्हते. मी सूनबाईंना एक वही करायला सांगितली, गोळी किती वाजता, आडवे किती वाजता, जाग किती वाजता, आणि जाग खोकल्याने आली की दुखण्याने, बास. मी डॉक्टर नाही, मी औषध बदलू शकत नाही, पण अशी वही घेऊन गेलं की डॉक्टरांना पाच मिनिटांत कळतं नाहीतर "रात्रभर झोप नाही" एवढंच ऐकून ते तरी काय करणार.

वहीत दिसलं की दुखण्याने जाग रोज दीड-दोनच्या सुमाराला येते. पॅरासिटामॉल ते आठला जेवणाबरोबर घ्यायचे, त्याचा असर साधारण चार ते सहा तास, म्हणजे झोप लागेपर्यंत अर्धा असर टीव्हीसमोर संपलेला. डॉक्टरांनी तीच गोळी झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगितली, आणि मध्यरात्री दुखलंच तर पुढची कधी चालेल, किती तासांचं अंतर ठेवायचं, दिवसभरात एकूण किती, हे कागदावर लिहून दिलं. हे लिहून घ्याच, कारण यांच्या घरात आजी वेगळी "सर्दीची गोळी" पण देत होत्या आणि तिच्यातही पॅरासिटामॉलच होतं, अशी डबल बेरीज लिव्हरला महागात पडते.

दुसरं म्हणजे स्टेरॉइडची गोळी. पाच दिवसांचा कोर्स होता, पाकिटावर लिहिलेलं "जेवणानंतर", सूनबाईंना रात्रीचं जेवण सोयीचं म्हणून त्या रात्री द्यायच्या. ही गोळी बऱ्याच जणांची झोप उडवते म्हणून दिवसातून एकदाच असेल तर शक्यतो सकाळी नाश्त्यानंतर देतात. डॉक्टरांना विचारून सकाळी हलवली. डोस मात्र कुणी आपल्या मनाने बदलायचा नाही आणि मध्येच बंदही करायचा नाही.

आता झोपायची पद्धत, इथे मजा आहे. काकांच्या मानेखाली तीन उशा! त्याने फक्त मान पुढे वाकते, पोट दाबलं जातं, जेवण झाल्या झाल्या आडवं झालं की आम्ल वर येऊन घसा खवखवतो आणि खोकला अजून उठतो. त्यांच्या लोखंडी पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या, साधारण सहा इंच, फरशीवर सरकू नये म्हणून खाली रबरी मॅटचे तुकडे, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत सगळं अंगच उतरतं राहिलं. जेवण सात वाजता, आडवं दहाला. खोकल्याची उबळ आली की पडून खोकायचं नाही, उठून पाय खाली सोडून बसायचं, दुखऱ्या बरगडीवर उशी घट्ट कवटाळायची आणि मग खोकायचं, कळ बरीच कमी येते. आणि हो, नदीकडचे डास म्हणून पलंगाखाली कॉइल जळत असायची, ती काढून मच्छरदाणी लावली, हे मला वहीत नाही तर घरच्या फोटोत दिसलं!

दुपारची झोप बंद करायला मी सांगितलं नाही, आजारी माणूस आहे आणि वर पुण्यात एक ते चार काय असतं ते सगळ्यांना माहितीये. फक्त तीन तासांची एक तासावर आणली.

काका लगेच काही आठ तास झोपले नाहीत. जाग येतच होती पण एकदा-दोनदा, आणि परत डोळा लागायचा. खोकला पुढे हळूहळू गेला.

तुमच्या बाबांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आजच बघा. आडवं झाल्यावर खोकला येतो की दम लागतो? झोप लागल्यावर तास-दोन तासांनी घुसमटून उठून बसावं लागत असेल, पावलं सुजत असतील तर ते हृदयाचंही असू शकतं, तिथे उशा-विटांवर वेळ घालवू नका, लगेच डॉक्टर. थुंकीत रक्त, परत ताप, किंवा दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तरी दाखवायचं, थुंकी तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आणि बाबा आधीपासूनच, वर्षानुवर्षं, रोज झोपेची गोळी घेत असतील तर माझं हे वाचून ती एकदम बंद करू नका, त्यानेही त्रास होतो, कधी फिट्सपर्यंत जातं. डॉक्टरांना सांगा की ही गोळी चालू आहे आणि आता खोकल्याचं हे सिरप आलंय, दोन्ही बाटल्या-पाकिटं समोर ठेवून विचारा.