काकू, नाशिक

"सासरच्या माणसांची नावं फोनमध्ये कशी ठेवायची? नुसतं 'विलास' ठेवलं तर फोन घेताना काका म्हणू की मामा, तेच आठवत नाही. नुसतं 'काका' ठेवलं तर पाच काका निघतात. शिवाय स्क्रीन कुणी पाहिली तर मानापमान!"

नव्यानं लग्न झालेल्या मुली हे मला हमखास विचारतात, बहुतेकदा समुपदेशनाची भेट संपवून उठता उठता. मी त्यांना परत बसवते.

एकीचं तर सगळं प्रकरणच इथून सुरू झालं. साखरपुड्याच्या तयारीत कुणीतरी नाशिकच्या काकूंचा नंबर मागितला. तिनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॉन्टॅक्ट पाठवला. त्यासोबत आपण ठेवलेलं नावही जातं, हे तिच्या ध्यानात नव्हतं: Nashik Kaku Khavchat.

"चेष्टेत ठेवलं होतं हो, मॅडम."

"रिंग वाजली की काय वाटायचं?"

"आली कटकट."

"त्यांचा आवाज ऐकून?"

ती गप्प झाली. "नाही. नाव वाचूनच. त्या काही बोलायच्या आधीच मी चिडलेली असायचे."

भांडण माणसांत कमी आणि त्यांच्यामधल्या सवयीत जास्त असतं, असं मी पहिल्यापासून मानते. इथं ती सवय चक्क लिहून ठेवलेली होती आणि दर फोनला उजळणी होत होती. ही गाठ इतक्या लवकर हाती लागली, याचं मला आजही जरा बरं वाटतं.

पुढच्या भेटीत आम्ही फोनच उघडला. आधी नाव, मग हाक, मग गाव: Sushila Kaku Nashik. हाक म्हणजे तोंडानं मारतो ती. थोरल्या दिरांना घरात 'दादा' म्हणत असाल तर Dada, 'भावोजी' म्हणत असाल तर Bhavoji. म्हणजे फोन घेताना वाचलं तेच बोलायचं. माहेरची आई आणि सासूबाई दोघींनाही 'आई' म्हणत असाल, तर Aai Satara आणि Aai Sangli. त्यात कुणी दुखावत नाही.

कागदावर 'सुशीलाकाकू' जोडून लिहिणं बरोबर. फोनमध्ये मात्र मध्ये जागा सोडा. शोध बऱ्याचदा शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवला जातो, त्यामुळे Sushilakaku ठेवलं तर Kaku टाइप करून ती सापडेलच असं नाही. Vahini की Wahini, तेही एकदाच ठरवून टाका. लिपीचंही तसंच. देवनागरीत ठेवलेलं नाव इंग्रजी अक्षरांत शोधलं तर सहसा हाती लागत नाही. ज्या लिपीत टाइप करता, त्याच लिपीत नाव ठेवा. दुसऱ्या लिपीतलं टोपणनावाच्या रकान्यात घालता येतं, पण व्हॉट्सॲपवर त्याचा भरवसा धरू नका.

"नाव बदललं. आता माफीचा मेसेज टाकू?"

"मेसेज नको, फोन करा. पहिला शब्द 'काकू'."

काकूंनी भरपूर सुनावलं. सगळं गोड झालं असं ती म्हणत नाही, पण त्यांचा फोन आता वाजत ठेवत नाही.