५५५ चा मोनोस्टेबल: हिशेबाने ११० सेकंद, प्रत्यक्षात अडीच मिनिटं

प्रश्न: जिन्यातल्या १२ व्होल्टच्या एलईडी दिव्यासाठी ५५५ वर टायमर केलाय. R १ मेग, C १०० मायक्रोफॅरड, म्हणजे ११० सेकंद यायला हवेत. येतात साधारण १५५, आणि सकाळची पहिली वेळ तर त्याहून जास्त. मुलांनी बटण दाबून धरलं तर दिवा विझतच नाही. सोडल्यावर कधी लगेच विझतो, कधी पुन्हा पूर्ण दोन-अडीच मिनिटं चालू राहतो. तीन आयसी बदलून झाले. चूक कुठे आहे?

उत्तर:

आयसी बदलणं थांबवा, तिन्ही चांगले असणार. तुमच्या सर्किटमध्ये दोन वेगळे दोष एकत्र आलेत. एक कॅपॅसिटरमध्ये आहे, दुसरा बटणाच्या जोडणीत.

आधी वेळेचं बघू. ट्रिगर मिळाला की पिन ७ कॅपॅसिटरला मोकळं सोडते. मग तो R मधून शून्यापासून भरत जातो, आणि पिन ६ वर पुरवठ्याच्या दोन-तृतीयांश व्होल्टेज आलं की पल्स संपतो. शून्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत पोचायला RC च्या ln 3 पट वेळ लागतो, तोच आपला १.१:

```
T = 1.1 × R × C
```

पुरवठा १२ चा ९ झाला तरी उंबरठाही त्याच प्रमाणात खाली येतो, म्हणून सूत्रात व्होल्टेज नाही. पण R मधून येणारा सगळा प्रवाह कॅपॅसिटर भरण्यातच जातो असं हे सूत्र गृहीत धरतं. तुमच्या सर्किटमध्ये पल्सच्या शेवटी, म्हणजे कॅपॅसिटर ८ व्होल्टवर असताना, R वर उरतात ४ व्होल्ट. १ मेगमधून ४ व्होल्टला किती प्रवाह? फक्त ४ मायक्रोअँपियर. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरची गळती इतकी सहज असू शकते.

गळती स्थिर १ मायक्रोअँपियर धरली, तर कॅपॅसिटर १२ ऐवजी ११ व्होल्टकडे भरत जातो आणि ११० चे १३० सेकंद होतात. ३ मायक्रोअँपियर असेल तर २२० सेकंद. ४ झाली तर तो ८ व्होल्टला पोचतच नाही आणि दिवा कायमचा चालू. तुमच्या १५५ सेकंदांवरून उलटा हिशेब केला तर गळती १.८ च्या आसपास येते. सकाळची पहिली वेळ लांबते तेही यात बसतं. टायमर शांत असताना पिन ७ कॅपॅसिटर जमिनीला जोडून ठेवते. रात्रभर शून्य व्होल्टवर पडलेला इलेक्ट्रोलायटिक सुरुवातीला जास्त गळतो आणि व्होल्टेज मिळत गेलं की सुधारतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. तोच कॅपॅसिटर ठेवा आणि १ मेगच्या जागी १०० के लावा. सूत्राने ११ सेकंद यायला हवेत. दोष कॅपॅसिटरच्या किमतीत असेल तर १५.५ सेकंद येतील. गळतीचा असेल तर साधारण ११.३ येतील, कारण आता शेवटच्या क्षणी R मधून ४० मायक्रोअँपियर येतायत आणि त्यापुढे १.८ किस झाड की पत्ती.

ही तपासणी करताना पिन ६ वर मीटर लावू नका. १० मेग इनपुटचा डिजिटल मीटरसुद्धा १ मेगच्या सर्किटमध्ये ११० चे १२० सेकंद करतो. काट्याचा जुना मीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावलात तर पल्स संपणारच नाही. मी एकदा अख्खी संध्याकाळ असा दोष शोधण्यात घालवली जो फक्त मी मोजत असतानाच यायचा. वेळ पिन ३ वर मोजा, तिला मीटरने काही होत नाही.

‘R कमी करा, C वाढवा’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच. त्याच जातीच्या कॅपॅसिटरमध्ये त्याचा फारसा उपयोग नाही, कारण गळतीही साधारण C च्याच प्रमाणात वाढते. २२० के आणि ४७० मायक्रोफॅरड घेतलेत तरी तुम्ही जवळपास तिथेच. कमी गळतीचा चांगला कॅपॅसिटर मिळाला तर तो लावा. नाहीतर गळती हिशेबात धरून R ८२० के करा, साधारण ११८ सेकंद येतील. जिन्याच्या दिव्याला तेवढं चालतं. दोन मिनिटं काटेकोर हवी असतील तर सीडी ४०६० सारखा मोजणारा आयसी घ्या. त्यात छोटा फिल्म कॅपॅसिटर पुरतो आणि गळतीचा प्रश्नच येत नाही.

आता बटण. तुम्ही ते पिन २ आणि जमीन यांच्यामध्ये थेट लावलं असणार. पिन २ एक-तृतीयांशाच्या, म्हणजे इथे ४ व्होल्टच्या, खाली गेली की पल्स सुरू होतो. पण ती खालीच राहिली तर पिन ६ ला कोणी विचारत नाही. दोघींच्या भांडणात पिन २ जिंकते. म्हणून ट्रिगर नेहमी पल्सपेक्षा आखूड हवा. दाबून धरलेल्या बटणात कॅपॅसिटर ८ च्या पुढे भरत राहतो आणि बटण सुटेपर्यंत दिवा चालू राहतो. सुटताना संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात. पहिल्या सुटण्याला पल्स संपतो आणि कॅपॅसिटर रिकामा होतो, तेवढ्यात संपर्क परत टेकला की नवा पल्स सुरू. कधी विझतो, कधी पुन्हा लागतो, ते यामुळे. बटण दाबतानाची थरथर मात्र निरुपद्रवी आहे, पल्स चालू असताना आलेल्या ट्रिगरने वेळ बदलत नाही.

उपाय असा: बटणाच्या वरच्या टोकापासून १२ व्होल्टला १०० के, त्याच टोकापासून पिन २ ला १०० नॅनोफॅरड, आणि पिन २ पासून १२ व्होल्टला १० के. बटण दाबलं की पिन २ क्षणभर शून्यावर जाते आणि १० के तिला पुन्हा वर ओढतो. ती ४ व्होल्टखाली राहते सुमारे ०.४ मिलिसेकंद, मग बटण कितीही वेळ धरा.

इथे १०० के मुद्दाम मोठा आहे. बऱ्याच आकृत्यांमध्ये दोन्हीकडे १० के दिसतो. तसं केलं तर बटण सुटताना पिन २ वर १८ व्होल्टचा झटका येतो, आणि बटणाचं टोक इतक्या लवकर वर येतं की सुटतानाच्या थरथरीने नवा ट्रिगर मिळतो. १०० के असेल तर ते टोक पुन्हा ट्रिगर देण्याइतकं वर यायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, तोवर बहुतेक बटणं शांत झालेली असतात. उरलेला एखाद व्होल्टचा झटका १ एन ४१४८ डायोडने अडवा, पट्टीचं टोक १२ व्होल्टकडे, दुसरं पिन २ ला.

पिन ४ थेट १२ व्होल्टला, पिन ५ पासून जमिनीला १० नॅनोफॅरड, आणि आयसीच्या अगदी जवळ पुरवठ्यावर १०० नॅनोफॅरड आहे ना ते बघा. जिन्यातली बटणाची तार मोटारीच्या वायरिंगला लागून गेली असेल तर ती वेगळी काढा. बटणाचा बदल आधी करा आणि वेळ त्यानंतर मोजा, नाहीतर १५५ मध्ये दाबून धरलेला वेळ किती मिसळलाय ते कळणार नाही. १०० के लावून किती सेकंद आले ते इथे टाका.